व्यवहाराच्या गोष्टी : दारातले खोके आणि दबलेला कोपरा



पार्सल आले की आपल्या घरात दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. धाकटी मंडळी कात्री शोधायला धावतात आणि मोठी माणसे चष्मा न लावताच सही करून मोकळी होतात. या दोन्हींच्या मध्ये दोन-तीन मिनिटे असतात. कुणी त्यांच्याकडे फारसे लक्ष देत नाही. आज आपण त्याच दोन-तीन मिनिटांबद्दल बोलणार आहोत.

आपण सही कशावर करतो, हे कधी वाचलेत का? वाहतूक कंपनीच्या पावतीवर बारीक अक्षरांत बहुधा 'माल सुस्थितीत मिळाला' अशा अर्थाचे वाक्य असते. हल्ली कागदाऐवजी मोबाइलच्या काचेवर बोटाने सही घेतात किंवा नुसता ओटीपी विचारतात, पण अर्थ तोच राहतो. तोपर्यंत खोक्याला जे काही झाले, त्याचे उत्तर आणणाऱ्याने द्यायचे असते. सही झाली की तो म्हणू शकतो, "आम्ही चांगले दिले होते, नंतर तुमच्याकडेच पडले असेल." मग तसे घडले नाही, हे दाखवत बसायची पाळी आपल्यावर येते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, नाशिकला राहणारी एक मुलगी आहे. आठवीत आहे, गाणे शिकते. तिला आपण मुक्ता म्हणू. तिच्या बाबांनी मिरजेच्या एका कारागिरांकडून तिच्यासाठी तंबोरा करून घेतला. मिरजेचे तंबोरे आणि सतारी देशभर नावाजलेल्या आहेत. २०२४ साली दोन्हींना भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याचा खालचा गोल भाग म्हणजे खराखुरा वाळवलेला भोपळा असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मिरजेला हे भोपळे मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. वाळल्यावर भोपळा कठीण होतो, पण तो लाकडासारखा चिवट नसतो. त्याला धक्का सहन होत नाही. बाहेरचा पुठ्ठा नुसता दबतो, तोपर्यंत आतला भोपळा तडकलेला असतो. म्हणून मी मुद्दाम तंबोरा निवडला. चिनी मातीची बरणी, काचेचे झाकण, दुर्बीण, गणपतीची मूर्ती अशा सगळ्यांनाच पुढचे लागू पडते.

तर समजा, हा तंबोरा तीस हजारांचा. कारागिरांनी ३ जूनला एका वाहतूक कंपनीकडे तो नोंदवला. भाडे बाराशे रुपये. ७ जूनला दुपारी साडेबाराला बेल वाजली. आई-बाबा कामावर गेलेले, घरात फक्त आजी आणि मुक्ता. दारात एक दादा माणसाएवढे उंच खोके भिंतीला टेकवून उभे.

"आजी, इथं सही करा. लवकर हं, अजून बरीच घरं राहिलीत."

आजींनी पेन हातात घेतले. तेवढ्यात मुक्ता म्हणाली, "आजी, थांब जरा. दादा, हा खालचा कोपरा बघा ना, आत गेलाय."

इथून पुढे मुक्ताने काय काय केले, ते नीट पाहा.

पहिली गोष्ट म्हणजे ती भांडली नाही. दार ठोठावणारे दादा साखळीतले शेवटचे असतात. मिरजेत खोके ट्रकमध्ये चढले, मग वाटेतल्या गोदामात उतरले, दुसऱ्या ट्रकमध्ये गेले, नाशिकच्या गोदामात पुन्हा उतरले. कोपरा यांतल्या कुठल्या ठिकाणी दबला, ते या दादांनाही ठाऊक नसते. त्यांना ओरडून काही मिळत नाही. उलट, ते वैतागून खोके टाकून निघून गेले, तर आपला एकुलता एक साक्षीदारच जातो! मुक्ताने त्यांना पाणी दिले आणि म्हणाली, "दोनच मिनिटं लागतील."

मग तिने खोक्याला प्रदक्षिणा घातली. खोक्याला चार बाजू दिसतात, पण मोजायच्या सहा. वरची आणि खालचीही पाहायची असते. खालची बाजू पाहायला खोके आडवे करावे लागते. ते दादांच्या मदतीने, अगदी सावकाश करायचे. प्रत्येक खूण वेगळी गोष्ट सांगते. कोपरा आत गेला असेल, तर खोके बहुधा त्या कोपऱ्यावर पडलेले असते. मध्येच भोक असेल, तर दुसरी एखादी टोकदार वस्तू घुसलेली असते. वरची बाजू खोलगट झाली असेल, तर त्यावर जड सामान रचलेले असते. पाण्याचा डाग वाळला, तरी त्याची कडा पिवळट रेघेसारखी राहते आणि तिथला पुठ्ठा बोटाला मऊ लागतो. चिकटपट्टीही पाहायची. एका पट्टीवर दुसऱ्याच रंगाची किंवा रुंदीची पट्टी असेल, तर खोके वाटेत उघडून पुन्हा बंद केलेले असू शकते. अशा वेळी लेबलवर छापलेले वजन घरच्या काट्यावरच्या वजनाशी ताडून पाहावे. दोन-तीन किलोंचा फरक पडला, तर तुटण्याचा नाही, चोरीचा संशय घ्यायचा.

मुक्ताच्या खोक्याचा खालचा उजवा कोपरा चार बोटे आत गेला होता. तिथला पुठ्ठा तळहाताएवढा फाटलेला. दादांनी खोके किंचित कलते केले, तेव्हा आतून बारीक खडखड ऐकू आली. आवाज ऐकायला खोके गदागदा हलवायचे नाही बरं का! आधी शाबूत असलेली वस्तू आपणच मोडायची.

मग फोटो. फोटो काढताना मनात एक प्रश्न ठेवावा, की हा फोटो बघून परका माणूस काय विचारेल? 'हे खोके त्याच पार्सलचे कशावरून?' म्हणून पहिला फोटो पत्ता आणि पार्सलचा क्रमांक असलेल्या लेबलचा, अक्षरे वाचता येतील इतक्या जवळून. 'दबलेला कोपरा याच खोक्याचा कशावरून?' म्हणून दुसरा फोटो जरा लांबून, ज्यात लेबल आणि कोपरा दोन्ही येतील. 'किती दबला?' म्हणून तिसरा जवळून, शेजारी शाळेची पट्टी धरून. मग सहाही बाजूंचे एकेक. 'हे सगळे सही करण्याआधीचे कशावरून?' यासाठी एका फोटोत दार, खोके आणि दादांच्या हातातली सही न झालेली पावती आली, तर उत्तम. दादांचा चेहरा त्यात यायची गरज नाही. त्यांना ते आवडणार नाही, आणि त्याने दाव्याला काही मदतही होत नाही.

"दादा, तुमच्यासमोर उघडून बघू का?" मुक्ताने विचारले.

"नाही ताई, सहीच्या आधी उघडायची परवानगी नाही आम्हाला."

हे उत्तर पुष्कळदा खरे असते. काही ऑनलाइन दुकाने विकत घेतानाच दारात उघडून दाखवण्याची सोय देतात. तशी सोय घेतली असेल, तर वस्तू पाहिल्याशिवाय ओटीपी सांगायचा नाही. एरवी मात्र आणणाऱ्याचे हात बांधलेले असतात. रेल्वेने आलेल्या मालाची गोष्ट वेगळी आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या ८१ व्या कलमात म्हटले आहे, की माल खराब झालेला दिसला किंवा कुणी तो उचकल्याच्या खुणा असल्या आणि घेणाऱ्याने मागणी केली, तर रेल्वेने तो उघडून दाखवूनच द्यायचा. याला पार्सल ऑफिसात 'ओपन डिलिव्हरी' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. ट्रकवाल्यांकडे किंवा कुरिअरकडे मागून पाहायला काहीच हरकत नाही. कधी कधी ते गोदामात बोलावून उघडून देतातही.

उघडता आले नाही, तर दोन वाटा उरतात. एक, परत पाठवणे. दोन, शेरा लिहून घेणे.

मुक्ताने आईला फोन लावला. हा फोन फार महत्त्वाचा, कारण तीस हजारांच्या वस्तूचा निर्णय आठवीतल्या मुलीने एकटीने घ्यायचा नसतो. खोके पार फाटून आतली वस्तू बाहेर आलेली असेल, आतून पाणी गळत असेल किंवा निम्मे सामान गेल्याचे उघड दिसत असेल, तर परत पाठवणेच बरे. दुकानातून मागवलेली आणि तशीच दुसरी मिळणारी वस्तू असेल, तरीही परत पाठवायला फारसा विचार करावा लागत नाही. पण हा तंबोरा एकुलता एक, मुक्ताच्या आवाजाच्या पट्टीसाठी केलेला. परत पाठवला असता, तर तडकलेला भोपळा पुन्हा चार दिवस ट्रकमध्ये आदळत गेला असता. शिवाय पुरावाही आपल्या हातून निसटला असता. म्हणून आई म्हणाली, "ठेवून घ्या, पण आधी पावतीवर लिहा."

हा शेरा कसा लिहायचा, यात खरी मेख आहे. आजींनी आधी लिहायला घेतले होते, 'तपासून पाहण्याच्या अटीवर घेतले.' पुष्कळ लोक असेच लिहितात. पण यातून खोक्याला काय झाले होते, ते कळतच नाही. चांगल्या खोक्यावरही असे लिहिता येते. दुसरे टोक म्हणजे, 'आतला तंबोरा फुटला आहे.' हेही चूक, कारण तंबोरा अजून कुणी पाहिलेलाच नाही. शेऱ्यात डोळ्यांना जे दिसले आणि कानांना जे ऐकू आले, तेवढेच लिहायचे. मुक्ताने सांगितले आणि आजींनी पावतीच्या दोन्ही प्रतींवर लिहिले :

'खोक्याचा खालचा उजवा कोपरा सुमारे चार बोटे आत दबलेला. तेथे पुठ्ठा तळहाताएवढा फाटलेला. खोके कलते केल्यावर आतून खडखड आवाज. खोके न उघडता घेतले. आतील वस्तू तपासलेली नाही. ७ जून, दुपारी १२.४०.'

खाली आजींची सही आणि तिच्या शेजारी दादांची. दादांनी आपली प्रत घडी करून खिशात घातली, त्याच्या आधी मुक्ताने त्या प्रतीचाही फोटो काढला. आपल्या प्रतीवर आपण काहीही लिहू शकतो, कंपनीकडे गेलेल्या प्रतीवर काय होते याला खरी किंमत!

आणि कागदच नसेल तर? मोबाइलच्या काचेवर सही करायची असेल, तर शेरा लिहायला जागा नसते. मग आणणाऱ्याला सांगायचे, की तुमच्या यंत्रात 'खराब स्थितीत' अशी नोंद करता येत असेल तर करा, आणि ती करताना पाहायचे. तीही सोय नसेल, तर ओटीपी सांगण्याच्या आधी तेच फोटो आणि तोच मजकूर कंपनीच्या तक्रारीच्या ईमेलवर पाठवून द्यायचा. ईमेल गेल्याची वेळ आणि ओटीपी दिल्याची वेळ, दोन्ही नंतर पाहता येतात. आधीचे आधी झाले, हे त्यावरून दिसते.

दादा गेले. आता कात्री!

पण कात्रीलाही शिस्त आहे. आजींनी शेजारच्या काकूंना हाक मारली. घरच्या माणसांखेरीज कुणी समोर असले, तर बरे. मुक्ताने मोबाइल खुर्चीवर टेकवून चित्रीकरण चालू केले आणि ते शेवटपर्यंत थांबवले नाही. मध्ये बंद करून पुन्हा चालू केले, तर 'त्या मधल्या वेळात काय केलेत?' असे विचारायला जागा राहते. सुरुवातीला लेबल दाखवले, मग न उघडलेल्या चिकटपट्ट्या, मग दबलेला कोपरा. आजींनी दुसऱ्या टोकाने पट्टी कापली. दबलेल्या कोपऱ्याला हातही लावला नाही. तो कोपरा आता खोक्याचा भाग राहिला नव्हता, पुरावा झाला होता.

आत आधी बुडबुड्यांचा प्लास्टिक कागद निघाला. त्याच्या आत थर्माकोलचे जाड तुकडे, मग कापडी गवसणी. प्रत्येक थर काढताना मुक्ता म्हणत होती, "आजी, जरा कॅमेऱ्याला दाखव." हे कशासाठी? कंपनीचे पहिले उत्तर जवळजवळ ठरलेले असते, 'बांधणीच नीट नव्हती.' बांधणी खरेच कच्ची असेल, तर दोष पाठवणाऱ्याकडे जातो. म्हणून थर्माकोल किती जाड होते, भोपळ्याखाली गादी होती की नाही, हे चित्रात यायला हवे. दबलेल्या कोपऱ्याकडचा थर्माकोलचा तुकडा मधोमध मोडला होता. म्हणजे धक्का बाहेरून आला आणि थेट आतपर्यंत पोचला.

गवसणी काढली. खडखड कसली होती? तारेतून निसटलेला एक मणी गवसणीत पडला होता, एवढेच. तारेत पुन्हा ओवला की झाले. काकू म्हणाल्या, "चला, वाचला बाई तंबोरा!"

पण मुक्ताने भोपळ्यावरून हळूच बोट फिरवले. दबलेल्या कोपऱ्याच्याच बाजूला, तबलीच्या कडेपासून खाली, बोटभर लांबीची तडा गेलेली रेघ होती. तिने आवाज केलाच नव्हता. पाहा, म्हणजे खडखड निरुपद्रवी निघाली आणि खरी मोडतोड गुपचूप बसली होती. शेऱ्यात 'आत काहीतरी फुटले' असे लिहिले असते, तर कंपनी म्हणाली असती, तो तर मणी होता!

आता हा तडा नवा कशावरून? ओळखायला सोपे आहे. ताज्या तड्याची आतली कड फिकट आणि धारदार असते, आणि आसपासच्या रंगाचे बारीक टवके उडालेले असतात. जुन्या तड्यात धूळ आणि पॉलिश बसून ती काळपट होते. गवसणीच्या तळाशी फिकट भुकटी आणि रंगाचे दोन-तीन टवके पडलेले होते. मुक्ताने ते झटकून टाकले नाहीत. त्यांचा फोटो काढला आणि एका कागदाच्या पुडीत बांधून ठेवले. मिरजेच्या कारागिरांकडे बांधणीच्या आधी काढलेले फोटो होते, ते बाबांनी मागवून घेतले. त्याच जागेचे दोन फोटो, एक ३ जूनचा अखंड भोपळ्याचा, एक ७ जूनचा तड्याचा, शेजारी शेजारी ठेवले की पुढे फार बोलावे लागत नाही.

या टप्प्यावर फार मोठा मोह होतो, वाजवून पाहण्याचा. तो आवरायचा! तंबोरा पाठवताना तारा सैल करून ठेवतात, कारण ताणलेल्या तारा वाद्यावर सतत जोर लावत असतात. तडकलेल्या भोपळ्याच्या तारा पिळल्या, तर तडा वाढेल. शिवाय कंपनी म्हणेल, 'तुम्ही तारा ताणल्यात म्हणून तडकला.' मुक्ताने सैल तारांचाही एक फोटो काढला आणि तंबोरा तसाच आडवा ठेवला. दुसऱ्या वस्तूंचेही असेच. पंख्याची वायर लावून पाहू नये, बरणी गोंदाने चिकटवू नये.

फोटोंबद्दल आणखी एक सांगतो. मूळ फोटो मोबाइलमध्ये तसेच राहू द्या. फोटोच्या फाइलमध्ये तो कधी काढला ती वेळ लपलेली असते. व्हॉट्सअॅपवरून साधा फोटो पाठवला, की तो लहान होतो आणि ही माहितीही गळून पडते. बाणाच्या खुणा करायच्या असतील, तर प्रतीवर करा.

त्याच संध्याकाळी पत्र गेले. कुणी कुणाला लिहायचे, यात घोटाळा होतो. बाबांनी पैसे दिले कारागिरांना, आणि वाहतूक कंपनीकडे माल नोंदवला कारागिरांनी. म्हणून बाबांचे बोलणे कारागिरांशी आणि कारागिरांचे कंपनीशी. बाबांनी कारागिरांना लिहिले आणि एक प्रत कंपनीलाही पाठवली. कंपनीकडे दावा कारागिरांच्या नावाने गेला. तुम्हीच आजोबांना एखादी वस्तू कुरिअरने पाठवली असेल, तर पाठवणारे तुम्ही, म्हणून दावाही तुमच्या घरच्यांचा. पत्र एवढेच होते :

'पार्सल क्रमांक अमुक. ३ जून रोजी मिरज येथे नोंदवले, ७ जून रोजी दुपारी १२.४० वाजता नाशिक येथे मिळाले. ताब्यात घेताना खोक्याचा खालचा उजवा कोपरा दबलेला होता. तशी नोंद पावतीवर असून आपल्या कर्मचाऱ्याची सही आहे. उघडल्यावर त्याच बाजूस भोपळ्याला बोटभर तडा आढळला. वस्तू आणि संपूर्ण बांधणी जपून ठेवली आहे. आपण पाहणीसाठी कधी येता, ते कळवावे. दुरुस्तीचा अंदाज मिळताच रक्कम कळवू.'

'तुमची माणसे बेजबाबदार आहेत' वगैरे एकही शब्द नाही. तशी गरजही नसते. रस्त्याने माल नेणाऱ्या कंपन्यांसाठी २००७ चा कायदा आहे, त्यात घरपोच कुरिअरही येतात. माल वाटेत खराब झाला हे दाखवले, की कुणाचा निष्काळजीपणा होता ते दावा करणाऱ्याने सिद्ध करण्याची सक्ती त्यात नाही. 'वाटेत' हा शब्द तेवढा पक्का करायचा, आणि तो दारातल्या शेऱ्याने होतो.

आता किती पैसे मागायचे? पूर्ण तीस हजार? नाही. तंबोरा गेला नाही, जखमी झाला. कारागिरांनी फोटो पाहून दुरुस्तीचा अंदाज लेखी दिला, समजा साडेसहा हजार. मिरजेला नेण्या-आणण्याचे भाडे दोन वेळचे, म्हणजे चोवीसशे. एकूण ८,९०० रुपये. प्रत्येक आकड्यामागे एक कागद. फुगवलेला आकडा दिला, की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही संशय येतो.

एक मर्यादा मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवावी, विशेषतः पालकांनी. माल नोंदवताना पावतीवर वस्तूची किंमत विचारतात. थोडे पैसे वाचवायला लोक तीस हजारांच्या वस्तूची किंमत दोन हजार लिहितात किंवा रकाना मोकळा सोडतात. कंपनीला आपली जबाबदारी एका ठरावीक रकमेपर्यंतच ठेवण्याची मुभा कायद्याने आहे. पाठवणाऱ्याने जास्त किंमत जाहीर केली असेल आणि त्याचे जादा भाडे भरले असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणजे दारात सगळे अचूक करूनही मिरजेत भरलेल्या त्या एका रकान्यामुळे दावा अडकू शकतो. मौल्यवान वस्तू मागवताना पाठवणाऱ्याला आधीच विचारावे, "किंमत पूर्ण लिहिलीत ना? विमा काढलात ना?"

दुसरी मर्यादा दिवसांची. याच कायद्याप्रमाणे कोर्टात जाण्याआधी कंपनीला लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती १८० दिवसांच्या आत. हे दिवस माल मिळाल्यापासून मोजायचे नाहीत, नोंदवल्यापासून मोजायचे. मुक्ताच्या बाबतीत ३ जूनपासून, म्हणजे शेवटचा दिवस ३० नोव्हेंबर. बोटांवर मोजून पाहा, गणिताचा सरावही होईल. रेल्वेसाठी माल सोपवल्यापासून सहा महिने. पण इतके दिवस आहेत म्हणून स्वस्थ बसायचे नाही. पावतीच्या मागे कंपनीची स्वतःची मुदत बहुधा फार कमी छापलेली असते, आणि उशीर झाला की 'नंतर पडले असेल' हे उत्तर तयारच असते. टपाल खाते या रस्त्याच्या कायद्यात येत नाही. तिथे पोस्टमास्तरांकडे लेखी तक्रार करायची, आणि खोके दबलेले असेल तर पोस्टमनदादांनाच ते दाखवायचे.

ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचे काम त्या मानाने सोपे असते. सदोष वस्तू परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही, असे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. तरी फोटो आणि न थांबवलेले चित्रीकरण तिथेही लागते. विक्रेत्याने किंवा कंपनीने दाद दिली नाही, तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यानेही काम झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे दोन वर्षांच्या आत जावे लागते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही.

राहता राहिले ते खोके. आई संध्याकाळी घरी आली आणि म्हणाली, "केवढा पसारा हा! उद्या भंगारवाल्याला देऊन टाकू." मुक्ता खोक्यासमोर आडवी उभी राहिली! कंपनीचा पाहणी करणारा माणूस चार दिवसांनी येतो, कधी पंधरा दिवसांनी. त्याला दबलेला कोपरा, मोडलेला थर्माकोल आणि लेबल तिन्ही एकत्र पाहायचे असतात. खोके टाकले, की उरतो तो नुसता तडकलेला तंबोरा, आणि तो तर कुठेही तडकलेला असू शकतो. जूनचे दिवस, पावसाची ओल. म्हणून त्यांनी खोके गच्चीवर ठेवले नाही. पलंगाखाली वर्तमानपत्रे अंथरून आडवे सरकवले, थर्माकोल आणि टवक्यांची पुडी त्यातच ठेवली आणि वरून चिठ्ठी लावली, 'टाकू नये. दावा चालू आहे.' पैसे जमा होईपर्यंत ते तिथून हलवायचे नाही, असे घरात ठरले.

— तुमचा व्यवहारकाका

(तुमच्या घरी असे दबलेले खोके आले असेल, तर पावतीवर नेमके काय लिहिलेत, ते कळवा. चांगले शेरे पुढच्या एखाद्या अंकात छापू. पत्ते, फोन क्रमांक आणि कंपन्यांची नावे मात्र पत्रात घालू नका.)